देवस्थानचा अहवाल शेवटच्या पानापासून वाचा

देवस्थानच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाचा विषय सहसा पाच मिनिटांत उरकतो. कार्यवाह उठून सांगतात, "अहवाल आपल्या हाती आहेच, तो वाचला असे समजून मंजुरी द्यावी." कुणी सूचक होतो, कुणी अनुमोदक, आणि सभा जत्रेच्या तारखेवर, आचाऱ्याच्या दरावर, मांडवाच्या कंत्राटावर येते. तिथे मग तासभर चर्चा रंगते. मांडववाल्याने गेल्या वर्षीपेक्षा दोन हजार जास्त का लावले, हे विचारायला दहा जण उभे राहतात. त्याच्या कितीतरी पट रक्कम ताळेबंदात एका ओळीत बसलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

यात सभासदांचा आळस थोडा आणि अहवालाच्या मांडणीचा दोष जास्त. पहिल्या पानावर देवाचा फोटो, मग अध्यक्षांचं मनोगत, मग वर्षभरातले उत्सव, रक्तदान शिबिर, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, देणगीदारांची नावं. एवढं चाळेपर्यंत माणूस दमतो आणि बारीक टाइपातली आकड्यांची पानं आली की पुस्तिका घडी होऊन पिशवीत जाते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की यंदा अहवाल उलटा वाचा. शेवटच्या पानापासून सुरू करा आणि मनोगत शेवटी, चहा घेताना वाचा.

महाराष्ट्रातली बहुतेक देवस्थानं, मठ, चर्च, जैन मंदिरं आणि धर्मादाय संस्था 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदलेल्या असतात. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर अशा मोठ्या संस्थानांना स्वतंत्र कायदे आहेत, आणि गोव्यात महाजनांच्या देवस्थानांना पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या नियमावलीची वेगळी चौकट आहे. त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही. मी बोलतोय ते तुमच्या गावच्या किंवा पेठेतल्या देवस्थानाबद्दल. त्याच्या हिशेबाचा नमुना नियमांतच ठरवून दिलेला आहे. अनुसूची 8 म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची 9 म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. सगळ्या देवस्थानांचा नमुना एकच असल्यामुळे एकदा वाचता आला की मामाच्या गावच्या देवस्थानचाही वाचता येतो.

या दोन कागदांबरोबर तिसरा कागद असतो तो लेखापरीक्षकाचा अहवाल. छापील पुस्तिकेत नेमका तोच पुष्कळदा नसतो. जागा नव्हती, छपाई महाग पडते, अशी कारणं सांगितली जातात. सत्काराचे फोटो छापायला जागा होते आणि या दोन पानांना होत नाही, हे मला तरी पटत नाही. तुमच्या पुस्तिकेत तो नसेल, तर पहिली मागणी तिथूनच करा.

या अहवालात नियमांनी ठरवलेले प्रश्न असतात आणि लेखापरीक्षकाने प्रत्येकापुढे उत्तर लिहायचं असतं. वह्या नियमित ठेवल्या आहेत काय? तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली काय? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही नीट आहे काय? उद्दिष्टाबाहेर पैसा वापरला काय? वर्षाहून जुनी येणी किती, सोडून दिलेली किती? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या काय? विश्वस्तांच्या सभा नियमाप्रमाणे होतात काय, त्यांचं इतिवृत्त लिहिलं जातं काय? विश्वस्तांपैकी कुणी न्यासाचं देणं लागतो किंवा न्यास त्याचं देणं लागतो काय? गेल्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या काय?

ही उत्तरं वाचायला हिशेबाचं शिक्षण लागत नाही, फक्त एक काळजी घ्यायची. "होय" म्हणजे चांगलं आणि "नाही" म्हणजे वाईट, असं धरून चालू नका. रोकड जुळली काय, याला "होय" हवं. उद्दिष्टाबाहेर पैसा गेला काय, याला "नाही" हवं. बोट ठेवून एकेक ओळ वाचा. सगळ्यात जास्त लक्ष द्या ते "लागू नाही" या उत्तराकडे. हे दोन शब्द बऱ्याचदा घाईत, गेल्या वर्षीच्या कागदावरून तसेच उतरवलेले असतात. निविदांच्या प्रश्नापुढे "लागू नाही" आणि कार्यवृत्तात मात्र नव्या भक्तनिवासाच्या पायाभरणीचा फोटो, असं दिसलं की दोहोंपैकी एक पान चुकलेलं आहे. कुठलं, ते सभेत विचारायचं.

आता ताळेबंदाकडे येऊ. इथे एक उदाहरण घेतो. देवस्थान कल्पनेतलं आहे आणि आकडे समजण्यापुरते आहेत, पण अशी बेरीज-वजाबाकी खऱ्या पुस्तिकांत पदोपदी भेटते.

समजा ग्रामदैवताचं एक मध्यम देवस्थान आहे. वर्षाचं उत्पन्न 15 लाख. त्यात दानपेटीचे 6 लाख 20 हजार, पावतीवरच्या देणग्यांचे 3 लाख 80 हजार, अभिषेक-पूजांचे 1 लाख 90 हजार, चार गाळ्यांचं भाडं 1 लाख 44 हजार, शेतजमिनीचा खंड 30 हजार आणि बँकेचं व्याज 1 लाख 36 हजार. खर्च 12 लाख 10 हजार. त्यात पूजाअर्चा, उत्सव, महाप्रसाद, पगार, दुरुस्ती, कोर्टकज्जा, ऑडिट फी आणि 70 हजारांचा घसारा. म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकाच्या तळाशी 2 लाख 90 हजारांची शिल्लक. सभेत कार्यवाह म्हणतात, "देवाच्या कृपेने यंदा 2 लाख 90 हजार शिल्लक." टाळ्या पडतात. महिन्याभराने सभामंडपाचे गळके पत्रे बदलायचा विषय निघतो, तेव्हा तेच कार्यवाह म्हणतात, "पैसे नाहीत." गावात कुजबुज सुरू होते, की मग शिल्लक गेली कुठे?

बहुधा ती कुठेही गेलेली नसते. ती मुळात रोख रक्कम नव्हतीच. पत्रकातली शिल्लक म्हणजे उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेला आकडा. हातातला पैसा वेगळ्या वाटेने हलतो. आपल्या उदाहरणात ती वाट चालून बघू.

घसाऱ्याचे 70 हजार खर्चात लिहिले, पण ते कुणाला दिलेले नाहीत. इमारत, पंखे, भांडी वर्षागणिक झिजतात, त्याचा तो कागदी हिशेब. म्हणून ते परत मिळवा, म्हणजे 3 लाख 60 हजार झाले. गाळ्यांच्या भाड्यापैकी 54 हजार अजून वसूलच झालेले नाहीत, तरी वर्षाचं भाडं म्हणून उत्पन्नात धरलेले आहेत. ते काढा, 3 लाख 6 हजार उरले. व्याजापैकी 1 लाख मुदत ठेवींवर साचलेलं आहे, ठेव मोडेपर्यंत हाती येणार नाही. तेही काढा. राहिले 2 लाख 6 हजार.

आता दोन रकमा अशा, की ज्या उत्पन्न-खर्च पत्रकात दिसतच नाहीत आणि थेट ताळेबंदात जातात. एक म्हणजे सभामंडपासाठी म्हणून भक्तांनी दिलेले 1 लाख 50 हजार. पावतीवर कारण लिहून दिलेली देणगी वर्षाच्या उत्पन्नात न धरता त्या नावाच्या निधीत जमा करतात. दुसरी रक्कम म्हणजे भक्तनिवासाच्या ठेकेदाराला दिलेले 4 लाख 50 हजार. ते या वर्षाच्या खर्चात येत नाहीत, ताळेबंदात "आगाऊ रकमा – ठेकेदार" या ओळीत बसतात. पहिली मिळवा, दुसरी वजा करा. उत्तर येतं उणे 94 हजार. म्हणजे 2 लाख 90 हजारांची शिल्लक जाहीर झाली त्या वर्षी देवस्थानच्या हातातला पैसा प्रत्यक्षात 94 हजारांनी घटला. बँक आणि रोख मिळून वर्षाच्या सुरुवातीला 2 लाख 35 हजार होते, 31 मार्चला 1 लाख 41 हजार राहिले.

एवढी आकडेमोड तुम्ही करावी, असं मी म्हणत नाही. सभासदाने ताळेबंदात "रोख व बँक शिल्लक" ही एक ओळ शोधावी आणि गेल्या वर्षीच्या पुस्तिकेतल्या त्याच ओळीशी ताडून बघावी. नमुन्यात तिथे बँकेत किती, विश्वस्तांकडे किती, व्यवस्थापकाकडे किती, असे वेगळे आकडे द्यायचे असतात. आपल्या उदाहरणात बचत खात्यात 1 लाख 15 हजार आणि व्यवस्थापकाकडे 26 हजार आहेत. रोजच्या पूजेला, फुलांना, प्रसादाला थोडी रोकड लागतेच, तेव्हा एवढ्यावर कुणी भुवई उंचावायचं कारण नाही. पण एखाद्या विश्वस्ताच्या नावापुढे दीड-दोन लाखांची रोकड दिसली, आणि तीही सलग दोन वर्षं, तर ती बँकेत का नाही, हे विचारायलाच हवं.

याच ताळेबंदात डावीकडे निधींची यादी असते. आपल्या देवस्थानचा कायम निधी 15 लाखांचा आहे. सभामंडप निधी गेल्या वर्षी 5 लाख होता, यंदाचे 1 लाख 50 हजार धरून 6 लाख 50 हजार झाला. दोन्ही मिळून साडेएकवीस लाख. हे पैसे राखून ठेवण्याचे. ते खरंच राखलेले आहेत का, ते उजवीकडे बघायचं. मुदत ठेवी 18 लाख आणि रोख-बँक 1 लाख 41 हजार मिळून होतात 19 लाख 41 हजार. ठेवींवर साचलेलं 1 लाखाचं व्याज उदार मनाने त्यात मिळवलं, तरी 1 लाख 9 हजार कमी पडतात. गेल्या वर्षी हीच ताडणी करून पाहिली, तर निधी 20 लाख आणि ठेवी-रोख मिळून 20 लाख 35 हजार, म्हणजे तेव्हा सगळं जागेवर होतं.

याचा अर्थ काय? सभामंडपाच्या नावाने गोळा झालेल्या पैशातला काही भाग भक्तनिवासाच्या ठेकेदाराकडे गेला. कुणी पैसे खाल्ले, असा याचा अर्थ नाही. बहुधा बांधकामाचा हप्ता द्यायची वेळ आली, सर्वसाधारण खात्यात पैसे कमी होते, सभामंडपाचे पडून होते, दिले. घरच्या संसारात आपण एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात टाकतो, तसंच. पण ज्या आजींनी पाटल्या मोडून सभामंडपासाठी पाच हजार दिले, त्यांना पावतीवर "सभामंडप" असंच लिहून दिलेलं आहे. विश्वस्तांनी तसा ठराव केला होता का, ती रक्कम कधी परत भरणार, हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पत्र्यांना पैसे का नव्हते, याचं उत्तरही इथेच सापडतं. (कायम निधी कधी जमिनीत किंवा इमारतीत गुंतलेला असतो. तसं असेल तर तेवढा बाजूला ठेवून बाकीचे निधी ताडा. आपल्या उदाहरणात तो ठेवींतच होता.)

ठेवी कुठे आहेत, हेही बघा. कायद्याच्या कलम 35 प्रमाणे न्यासाचा पडून असलेला पैसा अनुसूचित बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत, शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांसारख्या ठरलेल्या ठिकाणीच ठेवता येतो. गावातली पतसंस्था त्यात बसत नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं किंवा संचालक आपलेच आहेत, म्हणून देवस्थानच्या ठेवी पतसंस्थेत ठेवल्या जातात आणि संस्था बुडाली की गाव कपाळाला हात लावतं. गुंतवणुकीच्या परिशिष्टात बँकेचं नाव, ठेव पावतीचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख असायला हवी. नुसतं "मुदत ठेवी – 18,00,000" लिहिलं असेल, तर यादी मागा.

गाळ्यांच्या भाड्याकडे आता जरा वेळ देतो, कारण माझ्या मते देवस्थानं सगळ्यात जास्त पैसा इथे गमावतात आणि कुणाचं लक्ष नसतं. चार गाळे, दरमहा तीन हजार प्रत्येकी. पत्रकात भाडं "येणे झालेले" आणि "वसूल झालेले" असं वेगळं दाखवायची सोय आहे. 54 हजारांची थकबाकी म्हणजे एका गाळ्याचं दीड वर्षाचं भाडं. एका वर्षात एका गाळ्याचे फार तर 36 हजार थकतील, तेव्हा थकवणारे किमान दोघे आहेत हे उघड. ते कोण, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. नसतं ते फक्त अहवालात. वर्षाहून जुन्या थकबाकीचा प्रश्न लेखापरीक्षकाच्या यादीत आहेच, तिथला आकडा दरवर्षी वाढतोय का ते बघा. आणि "निर्लेखित" या ओळीवर नजर ठेवा. वसूल न झालेलं भाडं शेवटी तिथे जातं आणि तिथून कायमचं नाहीसं होतं.

दुसरी गोष्ट भाड्याच्या दराची. बाजारपेठेतल्या शेजारच्या खाजगी गाळ्याला आठ हजार भाडं असेल आणि देवाच्या गाळ्याला तीन, तर वरचे पाच हजार दरमहा देवस्थान कुणाला तरी देतंय. आकडे चोख असूनही हे नुकसान कुठल्याच ओळीत दिसत नाही. ते ओळखायला बाजारात चक्कर मारावी लागते. भाडेकराराची मुदतही विचारा. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, किंवा देवाची जमीन विकायची, अदलाबदल करायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतलेली नसेल, तर कलम 36 च्या प्रश्नापुढे लेखापरीक्षकाने तसं लिहायला हवं.

इथपर्यंत सांगितलं ते कागदावर दिसणारं. आता कागदावर न दिसणारं. लेखापरीक्षक वहीत आलेला पैसा तपासतो. दानपेटीतून निघून वहीत पोचलाच नाही असा पैसा त्याला दिसत नाही. दानपेटीचा आकडा बरोबर आहे की नाही, हे पुस्तिका वाचून कुणालाच कळणार नाही, सनदी लेखापालालाही नाही. त्यासाठी मोजणीची पद्धत बघावी लागते. पेटीला दोन कुलुपं आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आहेत का? पेटी ठरलेल्या दिवशी, चार पंचांसमोर उघडते का? किती नोटा कोणत्या, नाणी किती, याचा तक्ता तिथेच लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात का? रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरली जाते का? या चार गोष्टी होत असतील, तर मोजणीच्या तक्त्यावरची रक्कम आणि पासबुकातला भरणा तंतोतंत जुळतो. जुळत नसेल, म्हणजे तक्ता 48 हजारांचा आणि भरणा 40 हजारांचा असेल, तर मधले आठ हजार परस्पर खर्चाला गेले. खर्च अगदी रास्त असेल, आचाऱ्यालाच दिले असतील. तरीही पद्धत चुकीची, कारण उद्या आठाचे अठरा झाले तर ओळखायला जागा उरत नाही.

दागिन्यांचंही तसंच. नवसाला वाहिलेले चांदीचे पाळणे, डोळे, छत्र, सोन्याची नथ यांची जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत वजनासह नोंद हवी. ताळेबंदात कधी जुनी, नाममात्र किंमत दिसते. तो आकडा सोडून द्या, वजन विचारा. नारळ, साड्या, तांदूळ यांचा लिलाव होत असेल, तर लिलावाची वही आणि उत्पन्नातली "वस्तुरूप देणग्या" किंवा "इतर उत्पन्न" ही ओळ ताडा. जत्रेत साड्यांचा ढीग सगळ्या गावाने बघितला असेल आणि या ओळीत काही हजार रुपयेसुद्धा नसतील, तर विचारायला हरकत नाही.

एक गैरसमज जाता जाता. शिल्लक मोठी म्हणजे कारभार उत्तम, असं आपण मानतो. आयकराची सवलत घेणाऱ्या न्यासाने साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायची असते. उरलेल्या 15 टक्क्यांहून जास्त साठवायचं, तर कारण सांगून, ठरावीक मुदतीसाठी, रीतसर कळवून. म्हणजे वर्षानुवर्षं नुसत्या ठेवी वाढवत जाणाऱ्या देवस्थानाला "काटकसरी" म्हणण्याआधी तो पैसा कशासाठी साठतोय हे विचारावं.

आता विचारायचं कसं. खरी अडचण तिथेच आहे. अध्यक्ष तुमचे शाळेतले गुरुजी असतात, खजिनदार मेहुणा असतो, आणि प्रश्न विचारला की "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" असा उलटा प्रश्न येतो. म्हणून सभेत अचानक उभं राहून माणसाबद्दल विचारू नका, ओळीबद्दल विचारा. "अण्णा, ठेकेदाराला आगाऊ दिलेल्या साडेचार लाखांपैकी किती कामाचं मोजमाप झालं आणि बिल आलं का?" यात कुणावर आरोप नाही. "गुरुजी, सभामंडप निधी साडेसहा लाख दिसतो, त्याच्या ठेव पावत्या कोणत्या?" यातही नाही. शक्यतो सभेच्या आठ दिवस आधी प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. खजिनदाराला वह्या बघायला वेळ मिळतो आणि "नंतर सांगतो" म्हणायची वाट उरत नाही. उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात आलं का, ते पुढच्या सभेत बघा. एका सभेत तीनच प्रश्न विचारा. पंधरा विचारले, की एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

विश्वस्तांनाही एक सांगतो. पुढच्या पुस्तिकेत मनोगताच्या जागी अर्धं पान द्या आणि त्यात साध्या मराठीत लिहा, की वर्षाच्या सुरुवातीला बँकेत आणि हातात किती होते, वर्षभरात आले किती, गेले किती, शेवटी उरले किती, आणि त्यातले कुणाच्या नावाचे राखलेले किती. ऑडिटची दोन पानं छापा. बहुतेक विश्वस्त बिनपगारी, घरचं काम सोडून राबतात. हिशेब अर्धवट छापल्यामुळे त्यांच्याबद्दल नाहक बोललं जातं, ते तेवढ्याने थांबेल.

आणि मागूनही कागद मिळाले नाहीत तर? हिशेब 31 मार्चला बंद होतात आणि त्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण पुरं व्हावं लागतं. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयाला पाठवायची असते. त्या कागदांची नक्कल जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, फी भरून मागता येते. त्यासाठी देवस्थानचं सभासद असण्याचीही गरज नाही. देवळात नेमाने दर्शनाला, पूजेला जाणारा माणूस कायद्याच्या लेखी "हितसंबंध असलेली व्यक्ती" आहे.